शहाण्णव खळग्यांतला आकडा

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या रक्ताचा कल्चर रिपोर्ट येतो तेव्हा त्यावर अँटिबायोटिक औषधांची लांबलचक यादी असते आणि प्रत्येक नावापुढे एस, आय किंवा आर यांपैकी एक अक्षर. एस म्हणजे जंतू या औषधाला दाद देईल, आर म्हणजे देणार नाही, आय म्हणजे या दोहोंच्या मधला. या यादीत कोलिस्टिनची ओळ बहुधा तळाशी असते आणि ती इतरांसारखी नसते. तिच्यापुढे अक्षराबरोबर एक आकडा असतो. अनेकदा बाकीचा रिपोर्ट आधी येतो आणि ही ओळ एक दिवस उशिरा येते. नातेवाईक विचारतात, सगळ्या औषधांचे कळले, मग याच एकाचे का थांबले? प्रश्न रास्त आहे. याचे कारण असे की प्रयोगशाळेतली रोजची, स्वस्त आणि भरवशाची पद्धत नेमकी याच औषधाच्या बाबतीत फसवते, आणि मग दुसऱ्या, अधिक कष्टाच्या पद्धतीकडे जावे लागते. त्या पद्धतीला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन म्हणतात.

कोलिस्टिन जुने औषध आहे. १९५० च्या सुमारास जपानमध्ये एका जिवाणूपासून ते मिळाले आणि १९५९ पासून रुग्णांना दिले जाऊ लागले. मूत्रपिंडावर आणि मज्जासंस्थेवर त्याचे दुष्परिणाम होतात असे दिसल्यावर १९७० च्या दशकात डॉक्टरांनी ते जवळजवळ बाजूला ठेवले. पुढे क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास असे रुग्णालयात ठाण मांडणारे जंतू एकेका औषधाला जुमानेनासे झाले आणि हे टाकून दिलेले औषध पुन्हा कपाटातून बाहेर काढावे लागले. ते दिले जाते तेव्हा बहुतेक पर्याय संपलेले असतात. म्हणूनच त्याच्या तपासणीतली चूक महागात पडते. जंतू दाद देत नसताना देतो असे लिहिले गेले, तर रुग्णाला मूत्रपिंडाचा त्रास मिळतो आणि उपयोग शून्य.

रोजची पद्धत म्हणजे डिस्क डिफ्यूजन. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या बाउअर, कर्बी, शेरिस आणि टर्क या चौघांनी १९६६ साली तिचे आजचे ठाशीव रूप मांडले, म्हणून तिला कर्बी-बाउअर पद्धतही म्हणतात. म्युलर-हिंटन नावाच्या पोषक अगरचा सुमारे ४ मिलिमीटर जाडीचा थर काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत ओतलेला असतो. हा अगर म्हणजे आपल्याकडे घरात वापरतात तोच चायना ग्रास, फक्त शुद्ध केलेला. त्यावर जंतूचे द्रावण कापसाच्या बोळ्याने सगळीकडे सारखे फिरवायचे आणि औषध मुरवलेल्या ६ मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकत्या अंतरा-अंतरावर ठेवायच्या. बशी रात्रभर ३५ अंश सेल्सियसला राहते. सकाळी जंतूंचा पांढुरका गालिचा पसरलेला असतो आणि ज्या चकत्यांच्या औषधाला जंतू दाद देतो त्यांच्याभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते. त्याला झोन म्हणतात. व्यास मोजायचा, तक्ता उघडायचा आणि अक्षर लिहायचे.

त्या वर्तुळाची कड कशी ठरते हे नीट पाहायला हवे, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. चकती ओल्या अगरवर टेकताच औषध बाहेर पसरू लागते. चकतीपाशी ते दाट असते आणि दूर जाऊ तसे विरळ. त्याच वेळी जंतू दुप्पट-चौपट होत वाढत असतात. या दोघांत शर्यत लागते. एखाद्या जागी जंतूंची संख्या ठराविक मर्यादेपुढे जाण्याआधी पुरेसे औषध पोहोचले, तर तिथे वाढ थांबते. उशिरा पोहोचले, तर गालिचा आधीच विणला गेलेला असतो. म्हणजे कड कुठे पडणार हे पहिल्या काही तासांतच ठरून जाते. त्यात जंतूचा चिवटपणा असतो, त्याच्या वाढीचा वेग असतो, अगरची जाडी असते आणि औषध किती चपळाईने पसरते हेही असते. मिलिमीटरमधला तो आकडा या सगळ्यांचा मिळून आलेला आहे. मग त्याला अर्थ कुठून येतो? तज्ज्ञांनी एकाच जंतूचे शेकडो नमुने दोन्ही पद्धतींनी तपासले, द्रवातल्या तपासणीचा आकडा आणि झोनचा व्यास एकमेकांसमोर मांडले आणि त्यावरून तक्ता बनवला. चकतीचा निकाल अशा रीतीने उसना आहे. मूळ माप द्रवातले आहे. बहुतेक औषधांना हे उसने माप उत्तम चालते.

कोलिस्टिनला चालत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या एका रेणूचे वजन सुमारे ३३१ डाल्टन आहे, कोलिस्टिनचे त्याच्या तिपटीहून अधिक. शिवाय त्यावर धन विद्युतभार असतो आणि अगरमध्ये ऋण भाराचे गट असतात, त्यामुळे ते वाटेत अडकत-अडकत सरकते. शर्यतीत औषधच रेंगाळले तर जंतू कसाही असो, वर्तुळ लहानच पडणार. अमेरिकेतल्या मानक संस्थेच्या, म्हणजे सीएलएसआयच्या जुन्या तक्त्यात स्युडोमोनाससाठी १० मिलिमीटर किंवा कमी म्हणजे आर आणि ११ किंवा अधिक म्हणजे एस, असे होते. चकतीच मुळात ६ मिलिमीटरची. दाद देणारा आणि न देणारा यांच्यात १ मिलिमीटरचे अंतर! प्रत्यक्षात चिवट जंतूसुद्धा १२-१३ मिलिमीटरचे वर्तुळ दाखवत आणि एस म्हणून सुटत. कागदी पट्टीवर औषधाची उतरती मात्रा असलेली चाचणीही अगरमधूनच पसरते, म्हणून तिलाही हाच दोष लागतो. सीएलएसआय आणि युरोपातली युकास्ट या दोन मानक संस्थांच्या संयुक्त गटाने २०१६ साली सांगितले की कोलिस्टिनसाठी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन हीच संदर्भ पद्धत मानावी.

या पद्धतीत अगर नाही, पसरणे नाही, शर्यत नाही. औषध पोषक द्रवात, म्हणजे ब्रॉथमध्ये, आधीच सारखे मिसळलेले असते. फक्त वेगवेगळ्या खळग्यांत त्याची तीव्रता वेगवेगळी असते. प्रत्येक खळग्यात तेवढेच जंतू सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी पाहायचे की कुठल्या तीव्रतेपर्यंत ते वाढले आणि कुठे थांबले. नजरेला दिसणारी वाढ थांबवणारी सर्वांत कमी तीव्रता म्हणजे एमआयसी. कल्पना इतकी साधी आहे. पूर्वी हेच काम मोठ्या काचेच्या नळ्यांत करत. १९५० च्या दशकात हंगेरीतल्या ग्युला ताकात्सी यांनी एका ठोकळ्यात बारीक खळगे पाडून चाचण्या करण्याची रीत काढली, तिच्यातून आजची ९६ खळग्यांची प्लेट आली: अ ते ह अशा आठ ओळी म्हणा, आणि प्रत्येक ओळीत १२ खळगे. प्रयोगशाळेत त्यांना वेल म्हणतात. एका वेलमध्ये एक दशांश मिलिलिटर द्रव पुरतो.

आता एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत नेऊ. रक्तातून क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जंतू वाढला आहे. कार्बापेनेमसकट बहुतेक सगळ्या औषधांपुढे आर आहे. कुणी जुन्या सवयीने कोलिस्टिनची चकती लावली असती, तर १३ मिलिमीटरचे वर्तुळ दिसले असते. आपण प्लेट लावू.

पहिली गोष्ट पावडर. रुग्णाला टोचतात ते इंजेक्शन बहुधा कोलिस्टिमेथेट सोडियम असते. ते स्वतः निष्क्रिय असते आणि शरीरात हळूहळू फुटून त्यातून खरे कोलिस्टिन बाहेर पडते. वॉर्डातली कुपी फोडून चाचणी लावली, तर रात्रभर वेलमधली तीव्रता बदलत राहते आणि आकड्याला अर्थ उरत नाही. चाचणीसाठी कोलिस्टिन सल्फेटच हवे. पावडर शंभर टक्के औषध नसते. एका मिलिग्रॅममध्ये खरे औषध किती हे बाटलीवर लिहिलेले असते. समजा ते ८०० मायक्रोग्रॅम आहे. आपल्याला १० मिलिलिटर पाण्यात दर मिलिलिटरला १२८० मायक्रोग्रॅम औषध हवे आहे, म्हणजे एकूण १२,८०० मायक्रोग्रॅम. त्याला ८०० ने भागले की १६ मिलिग्रॅम. एवढी पावडर तोलायची. हे भागायचे राहिले, तर सगळी प्लेट एका फटक्यात चुकते, आणि नुसते बघून ते कळत नाही.

दुसरी गोष्ट ब्रॉथ. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे प्रमाण बांधून दिलेला म्युलर-हिंटन ब्रॉथ असावा लागतो. एका लिटरमध्ये कॅल्शियम २० ते २५ मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम १० ते १२.५ मिलिग्रॅम. एवढा काटेकोरपणा का, याचे उत्तर कोलिस्टिन जंतूला मारते कसे यात आहे. या जंतूंच्या बाहेरच्या आवरणात ऋण भाराचे रेणू दाटीने असतात आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आयन त्यांना एकमेकांशी जोडून ठेवतात. कोलिस्टिन धन भाराच्या जोरावर त्या आयनांना ढकलून त्यांची जागा घेते आणि आवरण विसकटते. द्रवात हे क्षार कमी असले की कोलिस्टिनला रान मोकळे मिळते आणि चिवट जंतूही दाद देणारा भासतो. जास्त असले की उलटे होते. दाद न देणारे जंतूही हीच गोष्ट वापरतात: ते आपल्या आवरणातला ऋण भार कमी करतात, मग कोलिस्टिनला चिकटायला जागाच सापडत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी जाहीर केलेला एमसीआर-१ हा जीन हेच करतो, आणि तो एका जंतूकडून दुसऱ्याकडे उडी मारू शकतो. त्यानंतर अनेक देशांनी पशुखाद्यातल्या कोलिस्टिनकडे गांभीर्याने पाहिले. भारताने २०१९ साली अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत आणि कोंबड्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

तिसरी गोष्ट प्लेटचे प्लास्टिक. कोलिस्टिन त्यालाही चिकटते. पेशी वाढवण्यासाठी खास प्रक्रिया केलेल्या प्लेटला तर फार. साधी, प्रक्रिया न केलेली पॉलिस्टायरिनची प्लेट घ्यायची. हे चिकटणे टाळायला पूर्वी काही जण ब्रॉथमध्ये पॉलिसॉर्बेट-८० हा साबणासारखा पदार्थ टाकत. पण तो स्वतःच कोलिस्टिनला हातभार लावतो, म्हणून संयुक्त गटाने काहीही मिसळू नका असे स्पष्ट सांगितले. थोडे औषध प्लास्टिकला जाणारच, विशेषतः कमी तीव्रतेच्या वेलमध्ये. पण सगळ्या जगात ते सारखे जावे, हा त्यामागचा विचार आहे. मला तो पटतो. ज्या मापावरून जगभरच्या सीमारेषा ठरल्या, ते माप घरोघरी बदलून चालत नाही.

आता मांडणी. १२८० च्या साठ्यातला एक भाग आणि ब्रॉथचे नऊ भाग मिसळले की १२८ झाले. एका ओळीतल्या पहिल्या वेलमध्ये हे १०० मायक्रोलिटर घालायचे. दुसऱ्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येकात नुसता ब्रॉथ ५० मायक्रोलिटर. मग पहिल्यातून ५० उचलून दुसऱ्यात टाकायचे, पिपेटने चार-पाचदा वर-खाली करून मिसळायचे, तिथून ५० तिसऱ्यात, असे दहाव्यापर्यंत न्यायचे आणि दहाव्यातले ५० फेकून द्यायचे. प्रत्येक पायरीला औषध निम्मे होत गेले: १२८, ६४, ३२, आणि दहाव्यात पाव. आता प्रत्येक वेलमध्ये ५० मायक्रोलिटर आहे. जंतूचे द्रावण तेवढेच पडणार असल्यामुळे तीव्रता आणखी निम्मी होईल आणि अखेरची मालिका ६४ पासून ०.१२५ पर्यंत उतरेल. अकराव्या वेलमध्ये औषध नाही, फक्त ब्रॉथ आणि जंतू. जंतू मुळात वाढतो आहे ना, हे तो सांगतो. बाराव्यात फक्त ब्रॉथ, १०० मायक्रोलिटर, जंतू नाही. त्यात वाढ दिसली तर ब्रॉथच बाटलेला आहे.

समजायला ही रीत सोपी असल्यामुळे ती इथे दिली. संदर्भ दर्जाच्या कामात मात्र प्रत्येक तीव्रता वेगळ्या नळीत, मानकात दिलेल्या क्रमाने बनवून मग वेलमध्ये भरतात. कारण वेलमधून वेलमध्ये नेताना पिपेटच्या टोकाला बाहेरून लागलेला थेंबही पुढे जातो. दहा पायऱ्यांत अशा थेंबांची बेरीज होते आणि शेवटच्या वेल कागदावर लिहिलेल्यापेक्षा अधिक तीव्र असू शकतात.

जंतूही मोजून टाकायचे. ताज्या वसाहतींमधून थोडे जंतू सलाइनमध्ये कालवून गढूळपणा ०.५ मॅकफारलंड या प्रमाण नळीइतका आणायचा. म्हणजे दर मिलिलिटरला साधारण दहा कोटी जंतू. ते ब्रॉथमध्ये शंभरपट पातळ केले की दहा लाख उरतात आणि ५० मायक्रोलिटर वेलमध्ये पडून दुप्पट पातळ झाले की दर मिलिलिटरला पाच लाख. सगळ्या मानकांत हाच आकडा आहे. हे काम अर्ध्या तासात आटोपावे लागते, नाहीतर जंतू वाढत जाऊन संख्या बदलते. संख्या जास्त झाली की एमआयसी वर सरकते, कमी झाली की खाली. म्हणून खात्री करून घेतात: जंतू घातल्या-घातल्या अकराव्या वेलमधले १० मायक्रोलिटर १० मिलिलिटर सलाइनमध्ये टाकायचे आणि त्यातले १०० मायक्रोलिटर अगरवर पसरायचे. संख्या बरोबर असेल तर दुसऱ्या दिवशी सुमारे ५० वसाहती दिसतात. युकास्ट २० ते ८० पर्यंत चालवून घेते. त्याच वेळी थोडे द्रावण दुसऱ्या बशीवर रेघा ओढून लावायचे, म्हणजे जंतू एकटाच आहे की सोबत दुसरा आला आहे ते कळते. ब्रॉथ याबाबतीत आंधळा असतो. गढूळ झालेल्या द्रवात एक जात आहे की दोन, हे त्यात पाहून सांगता येत नाही.

प्लेट झाकून, पाणी उडू नये म्हणून पिशवीत घालून, ३५ अंशांना १६ ते २० तास. प्लेटांची उतरंड चारपेक्षा उंच करायची नाही, कारण मधल्या प्लेट उशिरा तापतात.

सकाळी आधी नमुना वाचायचा नाही. आधी अकरावा वेल: गढूळ आहे किंवा तळाशी पांढरी टिकली जमली आहे, म्हणजे वाढ चांगली. मग बारावा: स्वच्छ. या दोहोंपैकी एकाने दगा दिला तर पुढे वाचण्यात अर्थ नाही. त्यानंतर त्याच दिवशी दुसऱ्या ओळींत लावलेले, ज्यांचे उत्तर आधीपासून माहीत आहे असे प्रमाण जंतू. ई. कोलायचा एटीसीसी २५९२२ हा दाद देणारा वाण कोलिस्टिनला ०.२५ ते २ मध्ये यावा लागतो. पण एवढ्याने भागत नाही, कारण चाचणी चिवट जंतू ओळखते का हेही पाहिले पाहिजे. त्यासाठी एमसीआर-१ बाळगणारा एनसीटीसी १३८४६ हा वाण असतो. तो ४ ला यावा, क्वचित २ किंवा ८ ला. तो सतत २ वर येऊ लागला, तर प्रयोगशाळेने आपला ब्रॉथ, पावडर आणि प्लेट तपासायला घ्यावे. आपली चाचणी चिवट जंतूंना सोडून देते आहे, याची ती पहिली खूण असते.

मग आपला क्लेब्सिएला. प्लेट काळ्या पार्श्वभूमीवर धरून किंवा खाली आरसा ठेवून तळाकडून पाहतात. ०.१२५, ०.२५, ०.५ गढूळ, १ आणि २ गढूळ, ४ च्या वेलमध्ये तळाला स्पष्ट टिकली, ८ स्वच्छ, आणि त्यावरचे सगळे स्वच्छ. एमआयसी ८. २ पर्यंत ठीक, ४ पासून पुढे प्रतिरोधी, अशी सीमा असल्यामुळे निकाल आर. चकतीचे १३ मिलिमीटरचे वर्तुळ तक्त्यात शोधणाऱ्याने याच जंतूला एस लिहिले असते.

कडेचा वेल नेहमी इतका सरळ नसतो. कधी गढूळ वेल मग स्वच्छ आणि पुढे पुन्हा गढूळ, असा एक वेल मध्येच सुटतो. असा एकच वेल असेल तर त्याकडे दुर्लक्ष करून वरचा आकडा घेतात. एकापेक्षा जास्त असतील तर काहीच कळवायचे नाही, चाचणी पुन्हा लावायची. एंटरोबॅक्टरच्या काही जातींत हा प्रकार कोलिस्टिनला वारंवार दिसतो. बहुसंख्य जंतू दाद देणारे आणि त्यांत थोडे चिवट लपलेले असतात, म्हणून तिथे त्याला हाताची चूक समजून सोडून देऊ नये. सल्फा औषधांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्या असराआधी जंतू एक-दोनदा दुप्पट होऊन जातात, म्हणून प्रत्येक वेलमध्ये पुसटशी धूसर छटा राहते. तिथे पूर्ण स्वच्छ वेल शोधत बसलो तर कधीच सापडणार नाही. औषध नसलेल्या वेलच्या तुलनेत वाढ सुमारे ८० टक्के घटलेला पहिला वेल घ्यायचा. कोलिस्टिनला मात्र ही सूट नाही. तिथे वेल पूर्ण स्वच्छच हवा.

हा ८ म्हणजे काय, हे मला इथे सावकाश सांगायचे आहे, कारण रिपोर्ट वाचणाऱ्यांचा सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. मोजपट्टीवर पायऱ्या दुपटीच्या आहेत. जंतू ४ वर वाढला आणि ८ वर थांबला, म्हणजे खरी मर्यादा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. तीच चाचणी तोच जंतू घेऊन उद्या लावली तर ४ किंवा १६ येऊ शकते, आणि ते चूक मानत नाहीत. एक पायरी इकडे-तिकडे होणे या पद्धतीच्या स्वभावातच आहे. म्हणून ०.५ वरून १ झाले याने घाबरण्याचे कारण नाही. पण सीमाच २ आणि ४ या शेजारच्या पायऱ्यांमध्ये असली की तिथे आलेला जंतू दोन दिवसांत दोन वेगळी अक्षरे मिळवू शकतो. अशा वेळी चाचणी पुन्हा लावणे शहाणपणाचे. आपल्या उदाहरणात ८ आले आहे, सीमेपासून एक पायरी पुढे. आर बहुधा ठाम आहे.

दुसरा घोटाळा असा की यादीत एका औषधापुढे १ आणि दुसऱ्यापुढे ४ दिसले की पहिले औषध अधिक जोरदार, असे लोक धरून चालतात. तसे नसते. प्रत्येक औषधाची सीमा वेगळी, रक्तात ते किती चढते ते वेगळे, फुफ्फुसात किंवा लघवीत किती पोहोचते ते वेगळे. आकडा त्याच औषधाच्या सीमेशी लावूनच पाहायचा. आणि वेल स्वच्छ दिसला म्हणजे त्यातले जंतू मेले असेही नाही. त्यांची वाढ थांबली एवढेच. मेले की नाही हे त्यातला द्रव औषध नसलेल्या अगरवर लावूनच कळते, ती वेगळी चाचणी आहे.

कोलिस्टिनच्या बाबतीत तर सीएलएसआयने २०२० पासून एस हे अक्षरच काढून टाकले. २ किंवा कमी आले तरी आय. रक्तात पुरेशी तीव्रता गाठायला जी मात्रा लागते ती मूत्रपिंडाला त्रास देण्याइतकी असते आणि फुफ्फुसात औषध नीट पोहोचत नाही. म्हणजे एमआयसी चांगली आली तरी औषध चालेलच असा भरवसा देता येत नाही. नातेवाइकांना आय म्हणजे औषध अर्धे लागू पडते असे वाटते. त्याचा अर्थ एवढाच की जंतूच्या बाजूने अडथळा दिसला नाही, पण औषधाच्या स्वतःच्या मर्यादा कायम आहेत.

इतके सांगितल्यावर चकतीची पद्धत मोडीत काढावी असे कुणाला वाटेल. मला तसे मुळीच वाटत नाही. तिच्या बशीत बाटलेला नमुना लगेच डोळ्यांत भरतो. वर्तुळाच्या आत उगवलेल्या तुरळक वसाहती दाखवतात की काही जंतू चिवट आहेत. स्टॅफिलोकोकसला एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनच्या चकत्या शेजारी लावल्या की क्लिंडामायसिनचे वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटे होते, इंग्रजी डी अक्षरासारखे. वरवर दाद देणारा जंतू उपचारात फितूर होईल हे त्यावरून कळते. नुसत्या आकड्याच्या साध्या रांगेत हे दिसत नाही. तालुक्याच्या प्रयोगशाळेत लघवीच्या नमुन्यांना बहुतेक औषधांसाठी चकतीच योग्य. ती सोडायची ती मोठ्या, मंद पसरणाऱ्या रेणूंसाठी. कोलिस्टिनसारखेच व्हँकोमायसिनचे आहे. स्टॅफिलोकोकससाठी त्याची चकती सीएलएसआयने २००९ साली बंद केली, कारण मधल्या प्रतीचे चिवट जंतू तिच्यातून निसटत होते.

आणि ज्या प्रयोगशाळेला ९६ वेलची प्लेट, पावडर आणि काटा जमत नाही तिने कोलिस्टिनचे काय करावे? यावरचे उत्तर मला फार आवडते. दहा-दहा मिलिलिटर ब्रॉथच्या चार नळ्या घ्यायच्या. एकीत काहीच नाही, दुसरीत कोलिस्टिनची १० मायक्रोग्रॅमची एक चकती, तिसरीत दोन, चौथीत चार. अर्धा तास ठेवले की कागदातले औषध द्रवात उतरते आणि तीव्रता आपोआप ०, १, २ आणि ४ होते. प्रत्येक नळीत ०.५ मॅकफारलंडच्या द्रावणाचे ५० मायक्रोलिटर घालायचे, रात्रभर ठेवायचे आणि सकाळी गढूळपणा पाहायचा. आपला क्लेब्सिएला चारही नळ्या गढूळ करील आणि रिपोर्टवर ४ पेक्षा जास्त, म्हणजे आर, असे लिहिता येईल. सीएलएसआयने ही रीत एंटरोबॅक्टर कुळातल्या जंतूंसाठी आणि स्युडोमोनास एरुजिनोसासाठी मान्य केली आहे. ॲसिनेटोबॅक्टरसाठी नाही, तिथे प्लेटच लावावी लागते. कागदी चकती तीच, कंपनीची डबी तीच. फक्त तिला अगरवर न ठेवता ब्रॉथमध्ये टाकले, आणि न पसरणाऱ्या औषधाला पसरावे लागण्याची गरजच उरली नाही.